सहकाऱ्याचे वडील गेले : चार ओळींचा मेसेज कसा लिहावा

प्रश्न : आमच्या अकाउंट्समधल्या एका सरांचे वडील आज पहाटे गेले. सहा वर्षं आम्ही शेजारी बसतो, अहो-जाहो करतो, पण घरोबा नाही. वडिलांना मी एकदाच भेटलेय, गणपतीत त्यांच्या घरी गेले होते तेव्हा. त्यांनी स्वतः केलेलं पुठ्ठ्याचं मखर दाखवलं होतं. ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांचं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ चालू आहे. मला स्वतंत्र मेसेज करायचाय, पण दोनदा लिहून पुसला. एक तर फार कोरडा वाटतो, नाहीतर फार मोठा होतो. नेमकं काय लिहू?

उत्तर :

तुम्ही प्रश्न लिहिता लिहिता उत्तराचा अर्धा भाग सांगून टाकलाय. ते पुठ्ठ्याचं मखर. मेसेजमध्ये ते यायला हवं, आणि त्याच्याभोवती फार काही नको.

मी अठ्ठावीस वर्षं कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होतो. कुणाच्या घरी माणूस गेला की पहिला फोन आमच्या खात्यात यायचा. कंपनीतर्फे पत्र लिहिणं, समाचाराला जाणं, रजेचं बघणं, हे सगळं मीच करायचो. शेकडो पत्रं लिहिली असतील. आधी पत्रं होती, नंतर एसेमेस आले, आता व्हॉट्सअ‍ॅप. साधन बदललं, पण समोरचा माणूस ज्या अवस्थेत ते वाचतो ती अवस्था तीच राहिली, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगतो.

आज तुमचे सर काय करत असतील ते डोळ्यांपुढे आणा. पहाटे वडील गेले. दवाखान्यात असतील तर कागदपत्रं, बिल, शववाहिका. घरी गेले असतील तर डॉक्टरला बोलावून दाखला घेणं. मग नातेवाइकांना फोन, ‘कोण कोण येईपर्यंत थांबायचं’ ही चर्चा, आईकडे कुणीतरी बसलंय ना ते बघणं, स्मशानभूमीतली वेळ ठरवणं. फोन सतत हातात, पण वाचायला नाही. मेसेज ते दोन वेळा बघतात : एकदा दोन फोनांच्या मध्ये, नुसते वरवर, आणि दुसऱ्यांदा रात्री, सगळं आटोपून घर शांत झाल्यावर. तुमचा मेसेज या दोन्ही वेळांना पुरायला हवा. वरवर पाहिला तरी कळावा, आणि रात्री पुन्हा उघडावासा वाटावा. चार ओळींची मर्यादा येते ती यातूनच.

आता ग्रुपवरच्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’बद्दल. ते चुकीचं नाही. पण ती अंजली गेलेल्या माणसाला वाहायची असते, फलकावर, फोटोखाली, शोकसभेत. मागे राहिलेल्याला आपण श्रद्धांजली देत नाही, त्याचं सांत्वन करतो. म्हणून ग्रुपवर ती एक ओळ तुम्हीही लिहा, न लिहिलीत तर उगाच डोळ्यांवर येईल. सरांना जो स्वतंत्र मेसेज जाईल तो मात्र सरांशी बोललेला असावा. तुम्ही दोनदा लिहून पुसलात त्याचं कारण मला वाटतं हेच असावं. हाताला वाक्यं येतायत ती फलकावरची, आणि बोलायचंय शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी.

मी लिहिला असता तो मेसेज असा :

“सर, तुमचे वडील गेल्याचं सकाळी कळलं. फार वाईट वाटलं. गणपतीत घरी आले होते तेव्हा त्यांनी स्वतः केलेलं मखर किती हौसेनं दाखवलं होतं, तेच सकाळपासून डोळ्यांसमोर येतंय. २० तारखेचं जीएसटी रिटर्न मी करते, साहेबांशी बोलणं झालंय, तिकडची काळजी करू नका. या मेसेजला उत्तर नाही दिलंत तरी चालेल.”

आता यातला शब्द न् शब्द का तसा आहे ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तो तुमच्या तोंडच्या भाषेत फिरवता येईल.

‘सर’ ही रोजची हाक. एरवी ज्या हाकेनं बोलावता तिनंच सुरुवात करा. दुःखाच्या प्रसंगी एकदम ‘आदरणीय’ किंवा ‘प्रिय’ आलं की मधे पडदा पडल्यासारखं होतं.

‘वडील गेल्याचं कळलं.’ आपल्याकडे यासाठी शब्द पुष्कळ आहेत. ‘निधन’ हा बातमीतला आणि पत्रातला शब्द, कंपनीच्या लेटरहेडवर तो शोभतो. ‘देवाज्ञा झाली’ हा घरच्यांनी दुसऱ्यांना कळवताना वापरायचा. ‘वारले’ बोलण्यात ठीक, लिहिल्यावर जरासा कोरा वाटतो. ‘एक्सपायर झाले’ ऑफिसात सर्रास ऐकू येतं, पण ते औषधाच्या बाटलीवर असतं, माणसाबद्दल नको. ‘गेले’ या शब्दात मात्र मृत्यूही आहे आणि उणीवही आहे, आणि आपण घरात बोलतो तोच तो शब्द आहे. सर आपल्या वडिलांना अण्णा, आप्पा, तात्या असं काही म्हणत असतील आणि तुम्ही ते सहा वर्षं ऐकलं असेल, तर ‘अण्णा गेल्याचं कळलं’ असं लिहा. ऐकलं नसेल तर अंदाजानं ‘बाबा’ लिहू नका, ‘तुमचे वडील’ पुरेसं आहे.

‘फार वाईट वाटलं’ हे वाक्य लोकांना फार साधं वाटतं म्हणून ते ‘ऐकून अत्यंत धक्का बसला’ असं करतात. धक्का बसला असेल तरच तसं लिहावं. वडील चार महिने अंथरुणावर असतील आणि सगळ्या ऑफिसला ते माहीत असेल, तर धक्का हा शब्द खोटा पडतो. ज्यानं चार महिने उशा-पायथ्याशी काढले, त्याला तो लगेच कळतो.

मग मखर. एका वाक्यात ठेवा. त्यांनी चहा दिला, मोदक वाढले, मग खाली फाटकापर्यंत सोडायला आले, असं सगळं आठवत असेल तरी आज एकच द्या. बाकीचं बारा-पंधरा दिवसांनी समोरासमोर सांगा, तेव्हा त्याची किंमत जास्त असेल. आणि आठवणीतून निष्कर्ष काढू नका. ‘यावरून ते किती कलासक्त आणि प्रेमळ होते हे दिसतं’ असं लिहिलंत की मखर पुसलं जातं आणि विशेषण उरतं. प्रेमळ तर ग्रुपवर सगळ्यांनीच लिहिलेलं असतं. मखर फक्त तुमच्याकडे आहे.

हे मी स्वतःवरून सांगतोय. माझे वडील गेले त्या दिवशी मला कितीतरी निरोप आले. त्यातले दोन आजही आठवतात. एक होता आमच्या शॉपमधल्या एका फिटरचा : “साहेब, अण्णांनी मला तुमच्या ओट्यावर बसवून चहा पाजला होता. बशीत ओतून दिला होता, गरम आहे म्हणाले.” एवढाच. अण्णा सगळ्यांना चहा बशीत ओतूनच द्यायचे. ते वाचलं आणि मी त्या दिवसात पहिल्यांदा रडलो. दुसरा निरोप होता एका वरिष्ठांचा, “आता तुम्ही घरचे कर्ते, खंबीर राहा, आईंसमोर डोळ्यांत पाणी आणू नका.” हेतू चांगलाच होता. पण त्या रात्री मी कर्ता नव्हतो, फक्त मुलगा होतो, आणि कुणीतरी मला तेवढंही राहू देत नाहीये असं वाटलं. त्यानंतर मी कुणालाच ‘खंबीर राहा’ लिहिलं नाही.

आठवणच नसेल, वडिलांना कधी पाहिलंच नसेल, तर ओढून आणू नका. तेव्हा सरांच्या बोलण्यात वडील जसे आले तसे आणावेत. ‘तुम्ही दर शनिवारी त्यांना देवळात न्यायला लवकर निघायचात, ते आठवलं.’ तेही नसेल तर ते वाक्य सोडून द्या. तीन ओळींचा खरा मेसेज पुरतो.

पुढचं वाक्य रिटर्नचं. पुष्कळांना वाटतं की मृत्यूच्या निरोपात कामाचा विषय काढणं बरं दिसत नाही. माझा अनुभव उलटा आहे. नोकरी करणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या दिवशीही कुठेतरी काम टोचत असतं, आणि ते टोचतंय याचीच त्याला लाज वाटत असते. एका सुपरवायझरनं मला स्मशानभूमीच्या बाकावर बसून हळूच विचारलं होतं, “साहेब, रात्रपाळीचं कोण बघतंय?” पाळी मी सकाळीच लावून दिली होती, पण ते त्याला कळवायचं राहिलं होतं. एका ओळीनं त्याचे काही तास हलके झाले असते. नातेवाईक, मित्र, शेजारी बाकी सगळं देऊ शकतात. ‘तुमचं काम सांभाळलंय’ हे फक्त सहकारी सांगू शकतो.

पण ते लिहिण्याआधी खरं करून घ्या. साहेबांशी आधी बोला, रिटर्नची फाईल कुठे आहे ते बघा, लॉगिन कुणाकडे आहे ते शोधा, आणि मगच ‘मी करते’ लिहा. नाहीतर तिसऱ्या दिवशी, घरचे अस्थी सावडून आले असताना, ‘सर, सॉरी, पासवर्ड कुठे आहे?’ असा फोन जातो. पहिल्या मेसेजचं सगळं त्या एका फोननं धुऊन जातं. काही अडलंच तर दुसऱ्या कुणाला विचारा, मुदत चुकण्याची वेळ आली तर साहेबांना ठरवू द्या.

इथे ‘काही लागलं तर नक्की सांगा’ लिहायचा मोह होतो. मनापासून लिहिलेलं असतं, तरी त्यातून काही घडत नाही, कारण काय लागतंय ते शोधायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, आणि वर संकोच मोडून मागायचं, हे सगळं आपण दुःखातल्या माणसावर टाकतो. एक नेमकी गोष्ट बोला. रिटर्न हे तुमचं नेमकं. दुसऱ्या एखाद्याचं असेल, ‘पुण्याहून तुमच्या बहिणीला आणायला मी गाडी घेऊन जातो.’ आमच्या गावाकडे कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचं घर न विचारता पिठलं-भात पाठवतं. ‘भूक लागली तर सांगा’ असं कुणी म्हणत नाही.

शेवटचं वाक्य, ‘उत्तर नाही दिलंत तरी चालेल’. सरांना त्या रात्री साठ-सत्तर मेसेजना ‘धन्यवाद’ किंवा हात जोडलेलं चित्र पाठवावं लागतं. तुमच्यापुरतं ते ओझं काढून टाका. मात्र मग खरंच उत्तराची वाट बघू नका. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही, म्हणून परत ‘मेसेज मिळाला ना?’ असं विचारू नका.

मेसेजमध्ये मी मुद्दाम घातल्या नाहीत अशा दोन-तीन गोष्टी आहेत.

‘कशानं गेले? वय काय होतं?’ हे विचारलेलं नाही. सरांनी ते सकाळपासून चाळीस जणांना सांगितलंय. आणि वयाच्या प्रश्नाला एक छुपा अर्थ असतो : आकडा मोठा निघाला की दुःख थोडं कमी धरायचं. ब्याऐंशीव्या वर्षी गेलेले वडीलही वडीलच असतात. ‘सुटले बिचारे’ हे घरातली माणसं म्हणतील, त्यांना तो अधिकार आहे, त्यांनी ते भोगलेलं असतं. आपण त्याला फक्त मान हलवायची.

‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो’ हेही घातलेलं नाही, आणि याचं कारण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ऑफिसात आपल्याकडून इथे नकळत चूक होते. सगळ्यांच्या घरी मृत्यूची भाषा एक नसते. आंबेडकरी बौद्ध घरात आत्म्याला शांती मागणं त्यांच्या धम्माला धरून नाही. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही अशी स्वच्छ प्रतिज्ञा आहे. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाला कालकथित म्हणतात आणि पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. तिथे ‘दहावा कधी आहे?’ विचारणं म्हणजे सहा वर्षं शेजारी बसून आपण काहीच जाणलं नाही असं सांगणं. लिंगायत घरात ‘लिंगैक्य झाले’ म्हणतात, वारकरी घरात ‘वैकुंठवासी’, ख्रिस्ती घरात ‘ख्रिस्तवासी’, मुसलमान घरात ‘मरहूम’. मुस्लीम सहकाऱ्याकडे दफन शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच दिवशी होतं, तेव्हा ‘उद्या येऊन जातो’ म्हणणाऱ्याची मयत चुकते. हे शब्द माहीत असतील तर जरूर वापरा, नसतील तर वापरायचा आटापिटा करू नका. ‘वडील गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं’ हे कुठल्याही घरात चालतं. तुमचे सर सश्रद्ध आहेत आणि तुम्हीही आहात, तर एक वाक्य देवाचं वाढवा, मनातून येत असेल तर त्याला कुणाची ना नाही.

आणि तयार मजकूर कुठून उचलून चिकटवू नका. यात माझ्या हातून एकदा फार वाईट झालंय. कामाच्या गर्दीत मी जुनं पत्र काढलं, नाव बदललं, आणि ‘आपल्या मातोश्रींच्या निधनाचे वृत्त’ तसंच राहिलं. गेले होते वडील. मातोश्री घरात होत्या, आणि पाकीट त्यांनीच उघडलं. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या माउलीनं मला पाणी दिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून प्रत्येक पत्र कोऱ्या कागदावर लिहिलं, एकच वाक्य असलं तरी. फोनवर तर ही चूक आणखी सोपी आहे. पाठवण्याआधी तीन गोष्टी वाचा : हाक, नातं, आणि कुणाला जातोय ते. खाजगी मेसेज ग्रुपवर पडल्याचंही मी पाहिलंय.

मेसेज आजच जाऊ द्या, पण फोन करू नका. त्या दिवशीचा फोन जवळच्यांसाठी मोकळा असावा. घरी जायचं असेल तर दोघं-तिघं मिळून, आधी घरच्या कुणाला तरी विचारून, आणि पंधरा-वीस मिनिटंच. बसावं, ते बोलले तर ऐकावं. निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही ही आपली जुनी रीत तुम्हाला माहीत असेलच, नुसतं उठायचं. समाचाराला फार बोलायचं नसतं हे आपल्या आधीच्यांना पक्कं ठाऊक होतं.

यापुढची एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. पहिल्या दिवशी निरोपांचा पूर येतो. दहावा-तेरावा होईपर्यंत घर भरलेलं असतं. मग पाहुणे जातात, आणि घरात आई आणि ती रिकामी खाट उरते. तेव्हा कुणाचाच मेसेज नसतो. चौदाव्या-पंधराव्या दिवशी एक ओळ पाठवा : “सर, आई कशा आहेत? रिटर्न वेळेत गेलं. तुम्ही सवडीनं या.” इथे प्रश्न विचारलेला चालतो, आता त्यांना बोलायला वेळ असतो.

त्याच सुमाराला कागदपत्रांचा भाग सुरू होतो, आणि त्यात सहकारी उपयोगी पडतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंदीसाठी कळवण्याचं काम दवाखाना करतो, घरी झाला तर घरच्यांनी लक्ष घालायला लागतं. दाखल्याच्या प्रती एकदमच जास्त काढून घ्याव्यात, बँक, विमा, आईच्या नावे पेन्शन, सगळीकडे त्या लागतात आणि नंतर एकेका प्रतीसाठी खेपा होतात. हे पहिल्या मेसेजात लिहायचं नसतं. दुसऱ्या भेटीत सहज सांगायचं.

आणि ते कामावर परत येतील त्या सकाळची थोडी तयारी करून ठेवा. त्यांनी केस काढलेले असतील तर लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये ज्यांना माहीत नाही ते ‘अरे, हे काय?’ म्हणून विचारतात, आणि माणूस दिवसभर तेच सांगत राहतो. शेजारच्या दोन सेक्शनना आणि गेटवरच्या सिक्युरिटीला आदल्या दिवशी कल्पना द्या. त्यांचं टेबल पुसून ठेवा, साठलेले कागद ढिगानं तसेच ठेवू नका, तातडीचे वेगळे करा. ते आले की उठून एकदा ‘आलात, सर’ म्हणा आणि रोजच्या वेळेला चहाला बोलवा. मखराचं बाकीचं तेव्हा सांगा, त्यांनी वडिलांचा विषय काढला तर. रिटर्नची फाईल त्या दिवशी हातात देऊ नका, दुसऱ्या दिवशी द्या.